क्रिप्टोत टाकायचेच असतील तर किती, कुठून आणि कुठे थांबायचे

मी लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देतो. जुलै महिन्यात माझ्या टेबलासमोर बसणाऱ्यांपैकी काही जण शेवटी जरा आवाज खाली करून म्हणतात, "आणि साहेब, थोडं क्रिप्टोचंही आहे." हे 'थोडं' मी बरेच पाहिले आहे. एका मुलाचा वर्षभराचा नफा अकराशे रुपये होता आणि त्यासाठी त्याने चौदा नाण्यांत मिळून तीनशेच्या वर व्यवहार केले होते. त्याचे विवरणपत्र भरायला मला दीड दिवस लागला. माझी फी त्याच्या नफ्यापेक्षा जास्त झाली.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने फोन करून विचारले, "मामा, बिटकॉइनमध्ये किती टाकू?" त्याला मी जे सांगितले तेच इथे पायरीने लिहितो आहे. आकडेही त्याचेच वापरले आहेत, फक्त जरा गोल केलेत. तो पिंपरीच्या एका कारखान्यात आहे, वय 32, हातात महिना 62 हजार येतात आणि त्यातले 14 हजार शिल्लक पडतात.

पायरी 1: आधी दार उघडते का ते पाहा

किती टाकायचे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न टाकायला आपल्याकडे मोकळे पैसे आहेत का, हा. भाच्याला मी तीनच गोष्टी विचारल्या. नोकरी गेली तर सहा महिने घर चालेल इतके पैसे बँकेत आहेत का? त्याच्याकडे अडीच लाख होते. खर्च महिना 48 हजार, म्हणजे पाच महिन्यांचे. मी चालवून घेतले. मुदत विमा आहे का? होता. महागडे कर्ज आहे का? इथे तो अडखळला. क्रेडिट कार्डावर 18 हजारांची थकबाकी होती आणि तो दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरून मोकळा होत होता.

कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. ती फेडणे म्हणजे चाळीस टक्क्यांचा खात्रीचा परतावा, त्यावर करही नाही. बिटकॉइन तेवढे देईलही किंवा तेवढेच घेऊनही जाईल. त्यामुळे पहिले दोन महिने सगळी शिल्लक कार्डात गेली आणि क्रिप्टोचा विषय तिथेच थांबला. पहिल्या दोनपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल किंवा तिसऱ्याचे 'हो' असेल तर पुढचा लेख वाचायला हरकत नाही, पण पैसे टाकण्याची पायरी आलेली नाही.

पायरी 2: कोणत्या खिशातून, ते ठरवा

भाच्याची लांब पल्ल्याची जमा अशी होती: पीएफमध्ये साडेचार लाख, पीपीएफमध्ये दोन लाख, इंडेक्स फंडात चार लाख आणि दीड लाखांचे सोने. एकूण बारा लाख. बँकेतले अडीच लाख मी यात धरत नाही, कारण ते गुंतवणुकीचे नाहीत, अडचणीचे आहेत.

त्याचा विचार असा होता की थोडे सोने मोडून बिटकॉइन घ्यावे, कारण सगळीकडे त्याला 'डिजिटल सोने' म्हणतात. ही तुलना एका बाबतीत खरी आहे: बिटकॉइनची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांवर जाणार नाही असे त्याच्या रचनेतच ठरले आहे. पण आपण घरात सोने ठेवतो ते पुरवठा मोजून नाही, बाकीचे सगळे पडते तेव्हा ते उभे राहते म्हणून. 2022 मध्ये अमेरिकेत व्याजदर वाढले, तिथल्या तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर साधारण तृतीयांशाने पडले, आणि त्याच वर्षात बिटकॉइन सुमारे 64 टक्के पडले. रुपयातले सोने त्या वर्षी वर गेले होते. म्हणजे धक्का बसला की हे नाणे शेअरांच्या बाजूने पळते आणि शेअरांपेक्षा जोरात पळते.

म्हणून त्याची जागा शेअरांच्या खिशात, तीही त्या खिशाच्या सगळ्यात धोक्याच्या कोपऱ्यात. सोने, पीपीएफ आणि अडचणीचे पैसे यांना हात लावायचा नाही. भाच्याची इंडेक्स फंडाची एसआयपी आठ हजारांची होती. ती वर्षभरासाठी सहा हजार करायची आणि वरचे दोन हजार इकडे वळवायचे, एवढाच बदल.

पायरी 3: शून्य झाले तर, या बाजूने आकडा काढा

बहुतेक लोक 'दहापट झाले तर' इथून सुरुवात करतात. आकडा उलट्या बाजूने काढायचा असतो. आज टाकलेले सगळे पैसे गेले असे समजा. घरी जेवताना ते सांगता येईल का? कुणाची फी, कुणाचे लग्न, घराचे डाऊन पेमेंट अडेल का?

मी स्वतःसाठी आणि विचारणाऱ्यांसाठी एक मोजमाप ठरवले आहे. लांब पल्ल्याच्या जमेचे दोन टक्के आणि दोन महिन्यांची शिल्लक, या दोन आकड्यांपैकी जो लहान तो. हा कुठला नियम नाही, माझा अंदाज आहे. भाच्याच्या बाबतीत बारा लाखांचे दोन टक्के म्हणजे 24 हजार आणि दोन महिन्यांची शिल्लक 28 हजार. म्हणून 24 हजार.

हे सगळे बुडाले तर बारा लाखांचे अकरा लाख शहात्तर हजार होतात. त्याच्या चार लाखांच्या इंडेक्स फंडात सहा टक्क्यांची पडझड झाली तरी एवढेच कमी होतात आणि तशी पडझड बहुतेक वर्षी एकदा तरी येऊन जाते. म्हणजे हा आकडा झेपण्याजोगा आहे.

आता दुसरी बाजूही पाहा, नाहीतर फसवणूक होईल. 24 हजारांचे तिप्पट झाले आणि सगळे विकले तर नफा 48 हजार. त्यावर कर जाऊन हातात 33 हजार उरतात, म्हणजे एकूण जमेच्या पावणेतीन टक्के. हे ऐकून भाचा म्हणाला, "मग एवढा व्याप कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पाव आणि अर्धा टक्का रोज मोबाइलवर बघण्याची हौस नसेल, तर शून्य टक्के हे पूर्ण उत्तर आहे. ज्यांची जमाच दीड लाख आहे त्यांच्यासाठी तर हा आकडा तीन हजार येतो. तीन हजारांसाठी विवरणपत्राचा फॉर्म बदलण्यात काही अर्थ नाही.

पायरी 4: टक्क्याला छप्पर समजा, आणि रुपयांचे कुलूप वेगळे लावा

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे होताना पाहिले आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बिटकॉइन 2021 च्या नोव्हेंबरात सुमारे 69 हजार डॉलरवर होते आणि वर्षभराने 16 हजारांच्या आसपास. त्याआधी 2017 च्या डिसेंबरात जवळजवळ 20 हजार डॉलर आणि पुढच्या डिसेंबरात सव्वातीन हजारांच्या आत-बाहेर. दोन्ही वेळी पाऊण हिश्शापेक्षा जास्त गेले. दोन्ही वेळी ते पुढे पुन्हा वर आले हेही खरे, पण जे नाणे दोनदा तीन चतुर्थांश पडले ते तिसऱ्यांदाही पडू शकते असे धरूनच हिशेब मांडायचा.

म्युच्युअल फंडांच्या लेखांत आपण वाचतो की ठरवलेली टक्केवारी दरवर्षी जुळवून घ्या. जे पडले ते थोडे घ्या, जे चढले ते थोडे विका. शेअर आणि मुदत ठेवींसाठी हा सल्ला ठीक आहे. क्रिप्टोला तो तसाच लावला तर काय होते ते बघा. भाच्याचे 24 हजार पाऊण हिश्शाने पडून सहा हजार झाले. दोन टक्के 'जुळवायला' त्याला आणखी साडेसतरा हजार टाकावे लागतील. तेही तसेच पडले तर परत साडेसतरा. म्हणजे कागदावर मर्यादा दोनच टक्के, पण खिशातून गेले 59 हजार, म्हणजे बारा लाखांचे जवळजवळ पाच टक्के. कुठेही नियम मोडला नाही आणि तरी अडीचपट पैसे गेले.

म्हणून दोन वेगळ्या मर्यादा लागतात. पहिली रुपयांत: आयुष्यभरात यात माझे एकूण 24 हजारच जातील. पडले तर भर घालायची नाही, 'सरासरी खाली आणायची' नाही, दिवाळीच्या बोनसमधून नाही, मित्राने सांगितले म्हणून नाही. ही मर्यादा पडत्या काळात राखण करते. पगार वाढला म्हणून ती वाढवायची असेल तर भाव शांत असताना, वर्षातून एकदा, आणि बायकोसमोर.

दुसरी टक्क्यांत आणि ती चढत्या काळासाठी: हिस्सा पाच टक्क्यांच्या वर गेला की वरचे विकायचे. समजा भाच्याचे 24 हजार चौपट होऊन 96 हजार झाले आणि बाकीची जमा साडेबारा लाखांवर गेली. आता हिस्सा सात टक्क्यांच्या वर आहे. तो 30 हजारांचे विकतो. त्या तुकड्याची मूळ खरेदी, सरासरीने धरली तर, साडेसात हजार. नफा साडेबावीस हजार, त्यावर कर 7,020. हातात आले 22,980. घातलेले जवळजवळ सगळे पैसे परत आले आणि उरलेला हिस्सा पाच टक्क्यांच्या जरासा आत आहे. इथून पुढे उरलेले शून्य झाले तरी जास्तीत जास्त हजारभर रुपयांचे नुकसान.

दोन टक्क्यांवर घेऊन दोन टक्क्यांवरच का नाही विकायचे, पाचपर्यंत का वाट पाहायची? कारण प्रत्येक विक्रीला कर आहे. सारखे कात्री लावत बसलात तर नफ्याचा तिसरा हिस्सा सरकारजमा आणि उरलेला माझ्यासारख्यांच्या फीत.

स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकण्याची सूचना, लावून मर्यादा राखता येईल असे काही जण मानतात. मी त्यावर विसंबत नाही. हा बाजार रविवारी पहाटे तीनलाही चालू असतो, इथे शेअरबाजारासारखे लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव किती पडू शकतो याची मर्यादा, नाही, आणि झपाट्याने पडताना आपण सांगितलेल्या भावाच्या बरेच खाली विक्री होऊ शकते. आत गेलेली रक्कमच लहान असणे ही एकच मर्यादा झोपेतही काम करते. आणि फ्युचर्स, मार्जिन, '10एक्स' असे काही ॲपमध्ये दिसले तर तिथे बोट नेऊ नका. दहापट उधारीवर घेतलेला व्यवहार भाव दहा टक्के विरुद्ध गेला की साफ होतो, आणि दहा टक्के ही या बाजारात एका दुपारची गोष्ट आहे.

पायरी 5: एकच नाणे, आणि त्याचे कारण करात आहे

1 एप्रिल 2022 पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, उपकर धरून 31.2 टक्के. तुमचा स्लॅब कोणताही असो. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा होत नाही. लोकांना एवढे ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ती पुढची ओळ: एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही, आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

समजा भाच्याने 24 हजार दोन नाण्यांत अर्धे-अर्धे टाकले. एक 12 हजारांचे 18 हजार झाले, दुसरे 12 हजारांचे सहा हजार. दोन्ही विकली. हातात 24 हजार, म्हणजे कमाई शून्य. तरी पहिल्या नाण्याच्या सहा हजार नफ्यावर 1,872 रुपये कर भरायचा. शेअरमध्ये वेगवेगळी कागदे घेतली की धोका वाटला जातो. इथे वेगवेगळी नाणी घेतली की करपात्र नफा एका बाजूला साठतो आणि तोटा हवेत जातो. एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी ती विक्रीच धरली जाते, रुपया खात्यात आलेला नसला तरी. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाचे हेच झाले होते. त्याला वाटले होते की बँकेत पैसे काढले नाहीत म्हणजे विकलेच नाही.

म्हणून नवख्याने एकच नाणे घ्यावे, आणि माझ्या मते ते बिटकॉइन. ते सुरक्षित आहे म्हणून नाही. 2009 पासून चालू आहे, सगळ्यात जास्त खरेदी-विक्री त्यात होते आणि त्याच्या मागे बंद पडणारी कंपनी नाही, एवढ्यासाठी. छोट्या नाण्यांचे काय होऊ शकते ते 2022 च्या मे महिन्यात दिसले. लुना नावाचे नाणे महिन्याच्या सुरुवातीला 80 डॉलरच्या आसपास होते आणि दोन आठवड्यांच्या आत त्याची किंमत जवळजवळ शून्य झाली.

'बिटकॉइन महाग आहे, त्यापेक्षा दोन रुपयांचे नाणे घेतो, शंभर होईल' हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. पूर्ण बिटकॉइन घ्यावेच लागत नाही. एकाचे दहा कोटी भाग होतात आणि पाचशे रुपयांचेही घेता येते. दोन रुपयांचे नाणे स्वस्त वाटते कारण ती नाणी अब्जावधी काढलेली असतात.

पायरी 6: दुकान निवडा, आणि आधी परतीची वाट चालून पाहा

एक्स्चेंज, म्हणजे जिथे नाणी घेता-विकता येतात ते दुकान, भारतातले असावे आणि वित्त मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेले असावे. 2023 च्या मार्चपासून ही नोंदणी सक्तीची आहे. पण या नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्या. ते एक्स्चेंज ग्राहकांची ओळख तपासते आणि संशयास्पद व्यवहार कळवते, एवढाच. तुमचे पैसे परत मिळतील अशी हमी त्यात नाही. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. इथे तसे काहीच नाही. सेबीकडे तक्रार करायचीही सोय नाही.

18 जुलै 2024 ला वझीरएक्स या एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी गेली. ग्राहकांना नाणी काढणे बंद झाले, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. मधल्या काळात बिटकॉइनने एक लाख डॉलर ओलांडले. अडकलेल्यांना ते फक्त बघता आले. भाव पडण्याखेरीजही शून्य होता येते ते असे, आणि म्हणून तिसऱ्या पायरीत आपण सगळेच गेले असे धरले.

यावर उपाय म्हणून नाणी स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवा असे जाणकार सांगतात. मोठ्या रकमेला ते बरोबर आहे. पण ते यंत्र काही हजार रुपयांचे येते आणि 24 हजारांच्या मालाला एवढ्या किमतीची तिजोरी घेणे पटत नाही. शिवाय त्याच्या किल्लीचे काम करणारे 12 किंवा 24 शब्द हरवले तर जगात कुणीही ते उघडून देऊ शकत नाही. एवढ्या रकमेसाठी मी एक्स्चेंजवरच ठेवावे म्हणतो, धोका मान्य करून.

भाच्याला मी खाते उघडल्यावर लगेच चोवीस हजार भरू दिले नाहीत. आधी हजार रुपये पाठवायला लावले. ते टाकले, बिटकॉइन घेतले, त्याच मिनिटाला विक्रीचा भाव काय दिसतो तो वहीत लिहिला. लगेच विकले आणि पैसे बँकेत काढले. हजारातले किती परत आले आणि किती दिवसांनी, हे दोन आकडे एक्स्चेंजच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगतात. ॲपवर 'शून्य शुल्क' लिहिलेले असते तेव्हा खरेदी आणि विक्रीच्या भावातल्या फरकात शुल्क लपलेले असते. हजाराचे 985 परत आले तर ठीक. 950 आले तर दुसरे दुकान बघा. यात एक टक्का टीडीएस विक्रीच्या वेळी कापला जातो, म्हणजे दहाएक रुपये. ते तुमच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्रात परत धरता येतात, त्यामुळे तो खर्च समजू नका. एवढ्या चाचणीमुळेही त्या वर्षी आयटीआर-1 चालत नाही हे मात्र लक्षात असू द्या.

परतीची वाट नीट निघाली की दर महिन्याच्या सात तारखेला दोन हजार, बारा महिने. चाचणीतले हजार वेगळे.

दोन वाटांनी मात्र अजिबात जाऊ नका. एक, अनोळखी माणसाशी थेट व्यवहार, ज्याला पी-टू-पी म्हणतात. भाव जरा बरा मिळतो, पण समोरच्याने पाठवलेले पैसे कुणाच्या फसवणुकीतले निघाले तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचे खाते गोठवते. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली की ते मोकळे करायला महिने जातात, आणि पगार त्याच खात्यात येत असतो.

दुसरी वाट ठरावीक परताव्याची. पुण्यात 2018 मध्ये पोलिसांनी उघड केलेली गेनबिटकॉइन ही योजना दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, देण्याचे वचन देत होती. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी त्यांचेच एक नाणे टेकवण्यात आले. आज असली योजना टेलिग्रामच्या ग्रुपमधून येते. ॲपमध्ये तुमचे पैसे फुगलेले दिसतात आणि काढायला गेलात की 'आधी 30 टक्के कर इथे भरा' असा निरोप येतो. कर विवरणपत्राबरोबर सरकारला भरायचा असतो, ॲपला नाही. तो निरोप आला की एक रुपयाही न भरता त्याच तासात 1930 ला फोन लावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

पायरी 7: मार्चअखेरीचा अर्धा तास

दर 31 मार्चला एक्स्चेंजवरून वर्षभराच्या व्यवहारांचे विवरण उतरवून आपल्या ईमेलवर ठेवा. एक्स्चेंज बंद पडले तर खरेदीची किंमत दाखवायला दुसरा पुरावा नसतो. विक्री केली असेल तर आयटीआर-2 मध्ये 'शेड्यूल व्हीडीए' आहे. त्यात खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, किंमत आणि मोबदला भरायचा. (सतत उलाढाल करून धंदा म्हणून दाखवत असाल तर आयटीआर-3.) तोटा झाला म्हणून लपवू नका. कापलेला टीडीएस तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतोच, आणि तो तिथे आहे आणि विवरणपत्रात काही नाही, हे आयकर विभागाच्या संगणकाला सापडायला वेळ लागत नाही. नुसते घेऊन ठेवले असेल, विकले नसेल, तर त्या वर्षी कर नाही.

त्याच अर्ध्या तासात हिस्सा मोजा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ॲप बंद करा. वर असेल तर वरचे विका.

भाच्याने हे सगळे वहीच्या एका पानावर उतरवून कपाटात पॉलिसीच्या कागदांबरोबर ठेवले आहे. एकूण 24 हजार, त्यावर नाही. फक्त बिटकॉइन. पाच टक्क्यांच्या वर गेले की विकायचे. पडले तर भर नाही. पाचवी ओळ त्याच्या बायकोने घातली: कोणते ॲप, कोणता ईमेल, आणि तो नसला तर कुणाला फोन करायचा. मामाचा नंबर आहे. आतापर्यंत नऊ हप्ते गेलेत. मधे एकदा भाव वीस टक्के उतरला तेव्हा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला होता, "मामा, आता जास्त घेतलं तर?" मी त्याला म्हटले, पान काढून वाच आणि झोप.